पाया पडायचं कसं ते सगळे सांगतात, पाया पडून घ्यायचं कसं ते कोण सांगणार?

वाकून नमस्कार कसा करायचा हे बाहेरून आलेल्या माणसाला शिकवायला आपल्याकडे दहाजण तयार असतात. आधी देवाला कर, मग आजीला, चपला काढ, एका हाताने नको, दोन्ही हातांनी. पण उद्या कोणी तुझ्याच पाया पडलं तर तू काय करायचं हे कुणी सांगत नाही, कारण हेही शिकवावं लागतं असं आपल्या डोक्यातच येत नाही. आणि नवीन माणसाची खरी तारांबळ तिथेच उडते.

माझी वहिनी जर्मन आहे. दादा तिकडे नोकरीला गेला, तिकडेच लग्न झालं, आणि पहिल्या दिवाळीला दोघं साताऱ्याला घरी आले. दादाने तिला विमानातच सगळं पढवून आणलं होतं, त्यामुळे पहाटे उटणं-आंघोळ झाल्यावर ती बाहेर आली, देवाला हात जोडले, आणि आजीसमोर इतका व्यवस्थित वाकून नमस्कार केला की आई आणि काकू एकमेकींकडे बघायला लागल्या. आजी म्हणाली "औक्षवंत हो", सगळे खूश. इथवर कार्यक्रम ठरल्याप्रमाणे.

मग ताईचा मुलगा आला. हा तेव्हा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला, सहा फूट उंच, आंघोळ करून ओल्या केसांनी एका बाजूने सगळ्यांना नमस्कार करत निघालेला. आजी झाली, आई झाली, काकू झाली, आणि पुढचा नंबर मामीचा. तो खाली वाकला. वहिनीला वाटलं ह्याचं काहीतरी पडलं, म्हणून तीही उचलायला वाकली आणि दोघांची डोकी अशी काही आपटली की आवाज माजघरात ऐकू गेला. तिने घाबरून दोन पावलं मागे घेतली, तो वाकलेल्या अवस्थेतच दोन पावलं पुढे, कारण नमस्कार अर्धवट राहिला होता ना. ती अजून मागे. आणि खुर्चीतून आजी ओरडतेय, "अगं पळू नको, हात ठेव त्याच्या डोक्यावर!"

आता तिच्या बाजूने बघा. ती तीस-एकतीसची, हा एकोणीसचा, फार मोठं अंतर नाही. तिला सांगितलेलं की म्हाताऱ्या माणसांच्या पाया पडतात. ती काही म्हातारी नव्हती. पण आपल्याकडे वय आणि नातं असे दोन हिशोब एकाच वेळी चालतात आणि घरात बहुतेक वेळा नातं जिंकतं. मामी म्हटल्यावर मामी, मग ती तिशीची असो की साठीची. एकत्र कुटुंबं होती तेव्हा तर काका पुतण्यापेक्षा लहान असायचा आणि तरी पुतण्या सणावाराला त्याच्यापुढे वाकायचा, दोघं हसायचे, पण वाकायचा. त्यामुळे लग्न करून घरात येणाऱ्या माणसाला एका दिवसात एक जागा मिळते, वरती कुणीतरी आणि खाली कुणीतरी. वरच्यांना नमस्कार करायचा आणि खालच्यांचा घ्यायचा. नवीन सुनेला यातलं पहिलंच काय ते सांगितलेलं असतं.

तर घ्यायचा कसा. उभे असाल तर जागेवर उभे राहा, ही पहिली आणि सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, कारण तुम्ही मागे सरकलात की समोरचा वाकून तुमच्या मागे येतो आणि मग सर्कस होते. बसलेले असाल तर पाय खुर्चीखाली ओढून घ्यायचे नाहीत (लाजून सगळे नेमकं हेच करतात), दोन्ही पाय जमिनीवर ठेवायचे. पायात चप्पल असेल तर पटकन पाय बाहेर काढायचे. रस्त्यात किंवा कार्यालयाच्या दारात कुणी वाकलं तर जुनी माणसं बोलता बोलता पायानेच चप्पल मागे सरकवतात, कधी बघा नीट, चपलेवर हात लावून घेणं त्यांना बरं वाटत नाही. मग तो खाली वाकलेला असताना उजवा हात त्याच्या डोक्यावर अलगद ठेवायचा, क्षणभरच. दाबायचा नाही, थोपटायचा नाही, केस विस्कटायचे नाहीत. समोरचा जवळपास आपल्याच वयाचा असेल तर डोक्याऐवजी खांद्यावर किंवा पाठीवर हात जास्त बरा दिसतो. आणि तोंडाने काहीतरी बोलायचं.

हे काहीतरी बोलणं फार लोक विसरतात. नमस्कार करणारा खाली थांबलेला असतो तो त्यासाठीच. आशीर्वाद आला की तो उठतो, तुम्ही गप्प राहिलात तर त्याला कळत नाही की आता उठावं का अजून थांबावं. "सुखी राहा" हे सगळ्यात सेफ, बाई, पुरुष, लग्न झालेला, न झालेला, कुणालाही चालतं. परीक्षेवाल्याला "यशस्वी हो", लहान पोराला "मोठा हो". वहिनीने "सुखी राहा" पाठ केलं आणि त्या दिवशी उरलेल्या पाच-सहा पोरांना एकापाठोपाठ एक असं दिलं की शेवटची दोन तर मुद्दाम परत रांगेत आली.

"अखंड सौभाग्यवती भव" मात्र नवख्या माणसाने वापरू नये असं माझं मत आहे. वाकलेल्या बाईबद्दल काही माहिती नसताना ते तोंडातून गेलं आणि तिचा नवरा नसला, तर त्या दोन सेकंदांत जे होतं ते परत घेता येत नाही. मी आमच्याच नात्यातल्या एका लग्नात हे बघितलंय, आशीर्वाद देणाऱ्या बाई मध्येच अडकल्या, "अखंड..." म्हणून थांबल्या आणि मग काही न बोलता पाठीवरून हात फिरवत राहिल्या. सवयीने आशीर्वाद देणाऱ्या पिढीची ही पंचाईत, त्यांच्याकडे बाईसाठी आशीर्वादच नवऱ्याचे आणि मुलांचे. आमच्या आजीने मला मात्र कायम "औक्षवंत हो" म्हटलं, जे ती दादालाही म्हणायची.

आता करायची बाजू. ती सोपी आहे पण तीत दोन-तीन गोष्टी कुणी नीट सांगत नाही. समोरून जायचं, बाजूने किंवा पाठीमागून नाही, म्हाताऱ्या माणसाला दिसलं पाहिजे की तुम्ही येताय, नाहीतर अचानक पायाला हात लागला की ती दचकतात आणि तोल जातो. एखाद हात अंतर ठेवायचं, गुडघे थोडे वाकवायचे, आणि दोन्ही हातांच्या बोटांनी पावलं, म्हणजे अंगठ्याच्या वरचा भाग, हलकेच शिवायचा. मग तीच बोटं स्वतःच्या डोळ्यांना किंवा कपाळाला, किंवा नुसते हात जोडून उठायचं. घरातल्या बायका बऱ्याचदा गुडघ्यावर बसून डोकं टेकवतात, गावाकडे डोक्यावर पदर घेऊन, पण पाहुण्याने तेवढं करायची काही गरज नसते. हल्ली एक प्रकार निघालाय, चालता चालता गुडघ्याच्या आसपास हात हलवून पुढे जायचं, टीव्हीत पुढारी एकमेकांना करतात तसा. आमची आजी त्याला म्हणायची, "माझी पावलं गुडघ्याला नाही रे आली अजून."

पायाला जखम असेल, सूज असेल, डायबिटीसवाल्यांचं असतंच काहीतरी, तर पायाजवळ जमिनीला हात लावला की झालं. समोरचं माणूस मांडी घालून बसलं असेल तरी तेच, पाय शोधत बसायचं नाही.

आणि तुम्ही वाकायला लागलात की ते म्हणणार "राहू दे, राहू दे". याने नवीन माणूस हमखास कन्फ्यूज होतो. खरंच राहू द्यायचं का? साधारण असं की राहू दे म्हणताना त्यांचा हात तुमच्या डोक्याकडे येत असेल तर ते राहू दे नुसतं म्हणायचं म्हणून, तुम्ही पूर्ण वाका. हात तुमच्या दंडाला धरून वर उचलत असेल तर ते खरं राहू दे, तिथेच थांबायचं, झाला तुमचा नमस्कार, पोचला. त्यानंतर जबरदस्तीने पायापर्यंत पोचायची कुस्ती करू नये. काही घरांत नमस्कारानंतर हातात नोट किंवा पाकीट पडतं, लग्नानंतर पहिल्यांदा जोडीने नमस्कार करताना तर पडतंच, अकरा असो की एकशे एक की जास्त. तिथे मात्र एकदा "कशाला" म्हणून घ्यायचं, परत करायचं नाही, उघडून बघायचं तर अजिबातच नाही.

कधी करायचा हे माहिती असतंच साधारण. दिवाळीची पहिली आंघोळ झाली की, दसऱ्याला आपट्याचं पान हातात देऊन, संक्रांतीला तिळगूळ देताना, वाढदिवस, परीक्षेला जाताना, रिझल्टचे पेढे देताना, लांबच्या प्रवासाला निघताना, लग्न-मुंजीत. रोज सकाळी करणारी घरं अजून आहेत पण कमी झाली. कधी करायचा नाही हे मात्र बाहेरच्याला माहिती असण्याचं कारणच नाही, आणि तिथे चूक झाली तर लोक बोलत नाहीत, नुसते आक्रसतात. झोपलेल्या किंवा आडव्या माणसाच्या पाया पडायचं नाही, कारण आडव्या माणसाच्या पाया आपण एकदाच पडतो, तो गेल्यावर. आजारी आजोबा पलंगावर असतील तर हात जोडायचे, त्यांचा हात हातात घ्यायचा, पायाकडे जायचं नाही. ते उठून बसले तर गोष्ट वेगळी. सुतक असलेल्या घरी नमस्कार नाही, ते लोक करतही नाहीत आणि घेतही नाहीत, भेटायला गेलं की नुसतं बसायचं आणि निघताना "येतो" सुद्धा म्हणायचं नाही. देवळात गाभाऱ्यासमोर माणसाच्या पाया पडत नाहीत, बाहेर आल्यावर पडा. कुणी जेवत असेल, पूजेला बसलं असेल, तर थांबायचं. आणि ऑफिसमध्ये साहेबाच्या पाया पडू नये, हे शास्त्र नाही, हे माझं म्हणणं आहे, पण मी ठाम आहे त्यावर. शाळेतल्या जुन्या बाई बाजारात भेटल्या तर जरूर वाका, तालमीतला पोरगा वस्तादांच्या पाया पडतो तेही कळतं, पण ज्याच्या हातात तुमचं प्रमोशन आहे त्याच्यापुढे वाकण्याला नमस्कार म्हणवत नाही.

एक गोष्ट नवीन सुनेला पहिल्या दोन दिवसांतच दिसते आणि वहिनीलाही दिसली. ती सगळ्यांच्या पाया पडत होती, दूरच्या मावससासूपासून शेजारच्या काकांपर्यंत, आणि तिने दादाला विचारलं की आपण माझ्या आईवडिलांकडे असताना तू त्यांना काय केलंस? हँडशेक. बरं ते जर्मन, त्यांचं जाऊ दे. पण इथेही जावई सासुरवाडीला गेला की सासरे त्याला अर्ध्यातच धरतात, "अहो असू द्या, असू द्या", आणि सुनेला कुणी अर्ध्यात धरत नाही. लग्नात तर मुलीचे आईवडील नवऱ्यामुलाचे पाय धुतात, अजून काही घरांत, मग तो जावई त्यांच्यापुढे किती वाकणार. बुंदेलखंडाकडे तर मामाच भाच्याच्या पाया पडतो, आणि उत्तरेकडे बऱ्याच घरांत मुलींना पाया पडूच देत नाहीत. म्हणजे कोणी कोणापुढे वाकायचं हे प्रत्येक ठिकाणी कुणीतरी ठरवलेलंय. आपल्या घरात हे समान करायचं असेल तर सोपं आहे, जोडीने नमस्कार करायचा, दोघांनी, दोन्हीकडे. दादा आता तसंच करतो. तिकडे म्युनिकजवळ तिच्या आजीपुढे हा वाकला तेव्हा त्या बाईंना वाटलं ह्याला चक्कर आली.

आता याच्या पूर्ण उलट एक जागा आहे आणि तिथे वर सांगितलेलं सगळं विसरावं लागतं. वारी. वहिनी पुढच्या एका वर्षी जूनमध्ये आली होती आणि माउलींची पालखी लोणंदला होती, म्हणून आम्ही गेलो. रस्त्याच्या कडेला आम्ही पाण्याच्या बाटल्या वाटत होतो. नऊवारीतली एक म्हातारी आली, सत्तरीच्या पुढची नक्की, बाटली घेतली आणि "माउली" म्हणत सरळ वहिनीच्या पायाशी वाकली. वहिनी आता शिकलेली होती ना. जागेवर उभी राहिली, हलली नाही, आणि हात उचलून त्या म्हातारीच्या डोक्याकडे न्यायला लागली.

मी तो हात मध्येच धरला. वारीत आशीर्वाद द्यायचा नसतो. तिथे समोरचा तुमच्या पाया पडला की तुम्ही त्याच्या पाया पडायचं, तेवढ्याच खाली, "माउली" म्हणत. लहान मोठं, बाई पुरुष, जात, काही बघायचं नाही, दोघेही एकमेकांच्या पायाला हात लावतात आणि दोघेही पुढे चालायला लागतात. कीर्तन संपल्यावर पण हेच, शेजारी कोण बसलंय ते न बघता त्याच्या पाया पडायचं. चंद्रभागेच्या वाळवंटात वैष्णव एकमेकांच्या पाया पडतात हे तुकोबांच्या अभंगातच आहे, म्हणजे जवळपास चारशे वर्षं तरी हे चालू आहे. घरातला नमस्कार वर-खाली ठरवतो, वारीतला ते पुसतो. हातांची हालचाल तीच, बोटं तिथेच टेकतात, अर्थ बरोबर उलटा. वहिनी वाकली, म्हातारीने तिला मध्येच धरून छातीशी घेतलं, तेही वारीतलंच, आणि बाटली काखेत मारून पुढे गेली.

पंढरपूरला देवाचं पण असंच. बऱ्याच मोठ्या देवळांत मूर्तीला लांबूनच हात जोडावे लागतात, इथे विठोबाच्या पायावर डोकं ठेवता येतं, पदस्पर्श दर्शन, त्यासाठी माणसं आषाढीला कितीतरी तास रांगेत उभी राहतात. कोविडमध्ये ते बंद होतं, २०२२ च्या पाडव्याला परत सुरू झालं तेव्हा लोक रडत होते. पण हेही लक्षात ठेवायला हवं की त्या पायांना हात लावायचा हक्क सगळ्यांना नव्हता. १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजी उपोषणाला बसले तेव्हा कुठे ते देऊळ दलितांना उघडलं. चोखोबांची समाधी अजून बाहेर आहे, महाद्वारापाशी.

हे मी का सांगतेय, तर पाया पडण्यात स्पर्श आहे, आणि ज्यांचा स्पर्शच चालत नव्हता त्यांना पाया पडायलाही दिलं जात नव्हतं. त्यांनी लांबून वाकून "जोहार मायबाप" म्हणायचं. तो जोहार टाकून लोक "जय भीम" म्हणायला लागले, मान वर करून. त्यामुळे काही घरांत वाकणं मुद्दाम टाळतात आणि त्यामागे कारण आहे, तिथे गेलात तर तुम्हीही जय भीम म्हणा, आणि त्या घरातली आजी आपण होऊन डोक्यावर हात ठेवेल तर ठेवू द्या. मुसलमान मित्राला आपल्या घरी आजीच्या पाया पडायला लावू नका, त्याच्याकडे डोकं एकाच ठिकाणी टेकवतात, तो आदाब करेल, सलाम करेल, आजीला तेवढं कळतं. गोव्यात कॅथलिक घरांत तर आपल्याच ओळखीचं काहीतरी दिसतं, संध्याकाळचा तेर्स, म्हणजे घरातली जपमाळेची प्रार्थना, झाला की पोरं मोठ्यांपुढे येऊन "बेसांव", म्हणजे आशीर्वाद, मागतात आणि मोठी माणसं देतात. पायाला हात नाही, पण मागणं-देणं तेच.

आणि ज्याला कुठल्याही कारणाने वाकायचं नाहीये, पाठ धरलीय, पटत नाही, लाज वाटते, काहीही, त्याने समोर जावं, थांबावं, दोन्ही हात जोडावेत, मान थोडी खाली आणि "नमस्कार आजी" एवढं स्पष्ट म्हणावं. लोकांना वाकला नाही याचा राग क्वचित येतो, न बघता मोबाईल काढत पुढे गेला याचा मात्र येतोच येतो. आधी कुणाकडून तरी घरात कळवून ठेवलं तर आणखी बरं. वहिनीचे वडील आले होते दोन वर्षांनी, त्यांचं गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, ते आजीसमोर हात जोडून उभे राहिले, आणि आजीने खुर्चीतून हात वर करून बघितला, सहा फूट दोन इंच, पोचेना, तर म्हणाली, "ह्यांना खुर्ची द्या आधी, म्हणजे मला आशीर्वाद देता येईल."